शटर आधी, बाकी नंतर

हॉलमधली हळद. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, म्हणून शटर १/५० वर ठेवायचं. हलणारे हात नैसर्गिक दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटची लुकलुकही सहसा टिपली जात नाही.

समजा ॲपर्चर f/2.8 आणि आयएसओ १६०० ला उजेड बरोबर येतो, पण नवरी स्पष्ट आणि मागची मावशी धूसर. दोघी स्पष्ट हव्यात तर f/4 करायचं. उजेड निम्मा होतो, तो आयएसओ ३२०० करून भरायचा. सावलीत दाणे दिसतील; ते चालतात, धूसर मावशी चालत नाही!

वरात भर उन्हात निघाली की आयएसओ १०० वर आणूनही f/22 च्या आसपास जावं लागतं आणि चित्राची धार जाते. नवशिके इथे शटर १/१००० करतात. नाचणारे मग तुटक हलतात. त्यापेक्षा लेन्सवर एनडी फिल्टर चढवावा.