कॅरम घेताना आधी चौकट बघा

सोसायटीच्या मंडळासाठी कॅरम घ्यायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा प्लायची जाडी सांगतो. समजा, एक बोर्ड बारा मिलिमीटरचा, चकचकीत, चौकट हलकी. दुसरा आठ मिलिमीटरचा, दिसायला साधा, पण चौकट जड लाकडाची. बहुतेक मंडळी पहिला उचलतात. मी दुसरा घेईन. स्पर्धेच्या नियमांतही प्लाय किमान आठ मिलिमीटर असली की चालते, आणि रिबाउंडचा खेळ सगळा चौकटीवर असतो.

शिसवीसारखं घट्ट लाकूड स्ट्रायकरचा मार खाऊन तो जोरात परत पाठवतं. आंब्यासारखं मऊ लाकूड तो जोर स्वतःच पिऊन टाकतं. वर गडद रंग मारला की दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून बोर्ड एका बाजूने उचलून वजनाचा अंदाज घ्या. मग थोडी पावडर टाकून स्ट्रायकर समोरच्या चौकटीवर सरळ, पूर्ण जोराने मारा. चांगल्या बोर्डावर तो निदान साडेतीन फेऱ्या मारतो. चारही बाजूंना, मध्यावर आणि कोपऱ्यांजवळ, मारून बघा. एखाद्या जागी आवाज पोकळ आला आणि स्ट्रायकर मेल्यासारखा परतला, तर तिथे चौकट आणि प्लायचा सांधा नीट बसलेला नाही. तो पुढे सैलच होत जातो.

आता पृष्ठभाग. पोलादी पट्टी दोन्ही कर्णांवर उभी धरा आणि खालून उजेड दिसतो का बघा. मध्ये फट दिसली तर बोर्ड खोलगट आहे, त्यावर हळू मारलेली सोंगटी मध्याकडे वळेल. बर्च प्लायचे रेषे बारीक असतात, त्यामुळे पॉलिश पातळ असलं तरी ती गुळगुळीत लागते. जाड व्हार्निशच्या चकाकीला भुलू नका. पावसाळ्याच्या दमट हवेत ते चिकटू लागतं. बोर्ड ओल्या फडक्याने कधीच पुसू नये. भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर तो हळूहळू वाकतो.

सिस्का, सिंको, सुर्को ही नावं क्लबांत आणि स्पर्धांत नेहमी दिसतात. पण एकाच कंपनीचे घरगुती आणि स्पर्धेचे असे वेगवेगळे बोर्ड असतात, त्यामुळे नुसत्या नावावर पैसे देऊ नका. खेळायची जागा आतून साधारण ७४ सेंटिमीटर चौरस आहे ना, हे टेपने मोजून घ्या.

स्ट्रायकरला नियमाने १५ ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही आणि व्यास ४.१३ सेंटिमीटरपर्यंतच. छोट्या काट्यावर तो तोलून बघा. जड स्ट्रायकर सोंगट्या फोडायला सोपा वाटतो, पण हलक्या हाताच्या कटला आवरत नाही, आणि त्याची सवय लागली की स्पर्धेत हात चुकतो. नवा स्ट्रायकर काचेवर ठेवून बोटाने कडेवर दाबा. डुगडुगला, तर तो परत करा.