गेलेल्या बिलाची दुरुस्ती

वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत पुरवठादाराचे बिल ग्राहकाच्या दप्तरी पोहोचले की ते केवळ पैशांची मागणी करणारा कागद राहत नाही, कारण त्याच क्रमांकावर पुरवठादाराची करदेयता नोंदली जाते आणि त्याच क्रमांकावर ग्राहक आपल्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेतो. म्हणून अशा बिलात चूक आढळल्यावर ते फाडून त्याच क्रमांकाने दुसरे छापणे, हा वरकरणी सर्वांत सोपा वाटणारा उपाय, प्रत्यक्षात सर्वाधिक गोंधळ निर्माण करतो. मूळ बिल जसेच्या तसे राहू देऊन त्याचा नावानिशी उल्लेख करणारा दुसरा दस्तऐवज जोडणे, हे या दुरुस्तीचे मूळ तत्त्व आहे.

हे तत्त्व एका कल्पित, परंतु लघुउद्योगांत नेहमी आढळणाऱ्या उदाहरणावरून पाहता येते. भोसरी येथील एका यंत्रकाम करणाऱ्या कारखान्याने चाकणच्या एका कंपनीला २४० सुटे भाग पुरवले आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी `PN/25-26/0418` या क्रमांकाचे बिल पाठवले. खरेदी-आदेशात, म्हणजे रोजच्या बोलीतील पीओमध्ये, नगाचा दर ४५० रुपये ठरला होता. बिलात मात्र जुना ५०० रुपयांचा दर लागला. त्यामुळे मालाची किंमत १,२०,००० रुपये, त्यावर १८ टक्के दराने कर २१,६०० रुपये आणि एकूण रक्कम १,४१,६०० रुपये झाली. योग्य हिशेब १,०८,००० रुपये अधिक १९,४४० रुपये कर, असा एकूण १,२७,४४० रुपयांचा होता. ग्राहकाच्या लेखा विभागाने पीओ, माल-आवक पावती आणि बिल शेजारी ठेवून ताडून पाहिले, नगसंख्या जुळली पण दर जुळला नाही, आणि सप्टेंबरच्या मध्यावर बिल रोखून धरल्याचे कळवले.

अशा वेळी ग्राहकाकडून बहुधा ‘रिव्हाइज्ड बिल पाठवा’ असा निरोप येतो. तो स्वाभाविक असला तरी कायद्यातील सुधारित बिलाची तरतूद मर्यादित आहे. नोंदणी ज्या तारखेपासून लागू झाली ती तारीख आणि नोंदणी प्रमाणपत्र मिळाल्याची तारीख यांच्या दरम्यान दिलेल्या बिलांसाठीच ती योजलेली आहे. दराच्या चुकीसाठी जुन्या क्रमांकापुढे ‘R’ हे अक्षर लावून नवे बिल काढले, तर ते कराच्या दृष्टीने वेगळ्या क्रमांकाचे स्वतंत्र बिल ठरते आणि एकाच मालासाठी दोन विक्री-नोंदी उभ्या राहतात. शिवाय मालाचे बिल माल हलवताना किंवा त्यापूर्वी काढायचे असल्यामुळे, ऑगस्टमध्ये पोहोचलेल्या मालावर सप्टेंबरच्या तारखेचे बिल त्या मालाच्या वाहतुकीच्या कागदांशीही जुळत नाही.

आणखी एक बाब येथे निर्णायक ठरते. ऑगस्टच्या विक्रीचे विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, मासिक विवरण भरणाऱ्यांना ११ सप्टेंबरपर्यंत भरायचे असते आणि त्यातील बिले १४ तारखेच्या सुमारास ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी या तयार विवरणात दिसू लागतात. चूक लक्षात आली तेव्हा मूळ बिल २१,६०० रुपयांच्या करासह तेथे पोहोचले होते. त्यामुळे पुरवठादाराने स्वतःच्या संगणकावर ते बिल पुसले, तरी ग्राहकाला ते तसेच दिसत राहिले असते.

केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३४ ने यासाठी क्रेडिट नोटची सोय केली आहे. बिलात किंमत किंवा कर जास्त आकारला गेला असेल, अथवा माल परत आला असेल, तर पुरवठादार त्या प्रमाणात आपली मागणी कमी करणारा जो दस्तऐवज देतो, ती क्रेडिट नोट होय. उलट आकारणी कमी झाली असेल, तर पुरवठादारानेच डेबिट नोट द्यायची असते. प्रस्तुत उदाहरणात `CN/25-26/0023` या क्रमांकाची नोट केवळ फरकाची, म्हणजे १२,००० रुपये किंमत आणि २,१६० रुपये कर मिळून १४,१६० रुपयांची निघते. तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख असतेच, परंतु कारणाच्या रकान्यात ‘रेट डिफरन्स’ एवढेच न लिहिता ‘पीओप्रमाणे दर ४५० रुपये, बिलात ५०० रुपये, २४० नगांवर नगामागे ५० रुपये कमी’ असे स्पष्ट लिहिले, तर ग्राहकाच्या लेखापालाला पुन्हा विचारणा करावी लागत नाही.

नोटसोबत जाणारे पत्रही तितकेच नेमके असावे लागते. मूळ बिल रद्द झालेले नाही, ते या नोटसह वाचावे, देय रक्कम १,२७,४४० रुपये आहे आणि ग्राहकाने याच फरकासाठी स्वतःची डेबिट नोट काढू नये, अशा चार गोष्टी त्यात हव्यात. यांतील शेवटची सूचना व्यवहारात फार मोलाची आहे, कारण मोठ्या कंपन्यांचा खरेदी विभाग दर-फरकाची डेबिट नोट अनेकदा आपणहून काढतो. त्यानंतर पुरवठादाराची क्रेडिट नोटही नोंदली गेली, तर १४,१६० रुपये दोनदा वजा होऊन हाती केवळ १,१३,२८० रुपये येतात. ग्राहकाची डेबिट नोट आधीच आली असेल, तर तिचा क्रमांक क्रेडिट नोटवर लिहून दोन्ही कागद एकाच फरकाचे असल्याचे नमूद करावे. पुरवठादाराची करदेयता मात्र त्याच्या स्वतःच्या क्रेडिट नोटनेच कमी होते.

सप्टेंबरच्या तारखेची ही नोट सप्टेंबरच्या विवरणात जाते, आणि ग्राहकाने २१,६०० रुपयांची वजावट घेतली असेल तर त्याला २,१६० रुपये परत फिरवावे लागतात. ग्राहकाने ही नोट पोर्टलवर नाकारली, तर पुरवठादाराची कमी झालेली करदेयता पुन्हा वाढते. म्हणून नोट पाठवल्यावर ती स्वीकारली गेली की नाही, हे पाहणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे. कराचा लाभ हवा असेल तर नोट पुढील आर्थिक वर्षातील ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यांपैकी जी आधी येईल तिच्या आत विवरणात दाखवावी लागते.

प्रत्येक चुकीला क्रेडिट नोट लागत नाही. पीओ क्रमांकात अंक चुकला असेल, तर बिलाचा उल्लेख करणारे दुरुस्तीपत्र बहुधा पुरेसे असते. ग्राहकाचा पंधरा अक्षरांकांचा कर-नोंदणी क्रमांक चुकला असेल, तर पुढील जीएसटीआर-१ मधील दुरुस्तीच्या तक्त्यात जुन्या बिलाचा क्रमांक देऊन तो बदलावा लागतो. ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू आहे, त्यांना पोर्टलवर नोंदलेले बिल २४ तासांच्या आत रद्द करता येते. परंतु रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही आणि मुदत उलटल्यावर चुकीच्या स्वरूपानुसार क्रेडिट नोट किंवा जीएसटीआर-१ मधील दुरुस्ती हाच मार्ग उरतो.

दुरुस्ती पूर्ण झाली की नाही, हे ग्राहकाच्या खात्याचा उतारा मागवून ठरवता येते. पुरवठादाराच्या वहीत १,४१,६०० रुपये नावे, १४,१६० रुपये जमा आणि बँकेतून आलेले १,२७,४४० रुपये जमा, अशा तीन नोंदींनी शिल्लक शून्य होते. ग्राहकाच्या वहीत याच तीन नोंदी याच क्रमांकांनिशी उलट बाजूंना दिसल्या, म्हणजे त्या बिलासंबंधी कोणाचेही काही येणे-देणे उरलेले नसते.