मांजरांचा केवळ मासळीचा आहार

मांजराला रोज फक्त मासळी खाऊ घालणे, मग ती कुपा (ट्यूना) असो वा बाजारातील स्वस्त मांदेली, त्याच्या आरोग्यास अपायकारक ठरते. ठाण्यातील घोडबंदर रस्त्यालगतच्या मानपाडा परिसरात, तसेच त्याच नावाच्या डोंबिवलीतील भागात, ताजी मासळी सहज मिळते. त्यामुळे घरातील मांजराच्या वाट्याला बहुधा कच्ची मासळीच येते.

== थायमिनचा अभाव ==
अनेक माशांच्या मांसात व आतड्यांत थायमिनेज नावाचे विकर असते. ते थायमिनचे (ब१ जीवनसत्त्वाचे) रेणू तोडते. तारली व मांदेली ज्या कुळांतील आहेत त्या कुळांतील, तसेच रोहू-कटला ज्यात मोडतात त्या कार्प कुळातील अनेक जातींत हे विकर आढळते. कच्ची मासळी संपूर्ण खाद्यात मिसळली, तर त्या खाद्यातील थायमिनही याच विकरामुळे नष्ट होऊ लागते. म्हणून 'दोन्ही थोडे थोडे' हा उपाय फसवा आहे. मासळी नीट शिजवल्यास विकर निष्क्रिय होते, परंतु उष्णतेने थायमिनही काही प्रमाणात घटते.

मांजराच्या शरीरात थायमिनचा साठा अल्प असल्याने काही आठवड्यांतच लक्षणे दिसू लागतात. प्रथम अन्नावरची वासना उडते व उलट्या होतात. मासळीसाठी ओरडणारे मांजर मासळीलाच तोंड लावत नाही, ही खूण सहसा नखरे समजून सोडून दिली जाते. पुढे तोल जातो, बाहुल्या विस्फारतात, मान खाली झुकून हनुवटी छातीकडे वळते आणि शेवटी झटके येतात. या टप्प्यावर पशुवैद्याने थायमिनची इंजेक्शने दिल्यास बहुधा एक-दोन दिवसांत सुधारणा दिसते. विलंब झाल्यास मेंदूची हानी कायम राहू शकते.

== पारा ==
जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्यामुळे उपसागरातील मासे विषारी झाले. ते खाणाऱ्या मांजरांना झटके येऊन ती मरू लागली. माणसांमधील या रोगाची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली. खुल्या समुद्रातील कुप्यात पारा इतका नसतो. तथापि मोठा व दीर्घायुषी शिकारी मासा असल्याने त्याच्या स्नायूंत मिथिल-पारा साठत जातो आणि तो शिजवूनही जात नाही.

== संपूर्ण खाद्य ==
माणसांसाठीच्या डब्यातील ट्यूनात मांजराच्या गरजेची जीवनसत्त्वे मिसळलेली नसतात, काटेविरहित मांसात कॅल्शियम नगण्य असते, तर तेलकट मासळीने ई जीवनसत्त्वाची कमतरता होऊन शरीरातील चरबीला दाहक सूज येऊ शकते. म्हणून वेष्टनावर 'कम्प्लीट' असे लिहिलेलेच खाद्य मुख्य आहार म्हणून द्यावे. मासळीच्या चवीचे असले तरी चालते. 'कॉम्प्लिमेंटरी' म्हणजे केवळ पूरक.

चार किलोच्या मांजरास दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. त्यांच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे सुमारे २० ग्रॅम, शिजवलेली व काटे काढलेली मासळी खाऊ म्हणून देता येते. बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करावा. मांजराला उपाशी ठेवून सवय मोडू नये, कारण काही दिवस न खाल्ल्यास त्याच्या यकृतात चरबी साचून जीवावर बेतू शकते.