उठताच डोळ्यांपुढे अंधारी का येते?

भात लावणीच्या दिवसांत पाड्यांवर गेल्यावर एक तक्रार मला हमखास ऐकू येते: "ताई, वाकून काम करते तोवर बरं असतं, उठलं की अंधारी येते." आपण याला अशक्तपणा म्हणून सोडून देतो. पण उभे राहिल्यावर नाडी मोजली, तर कारणाचा बराच अंदाज येतो.

आपण उभे राहताच साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या व पायांच्या शिरांत उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि रक्तदाब घसरतो. जबड्याखाली मानेची धमनी जिथे दुभंगते तिथे, आणि हृदयाजवळच्या महाधमनीच्या कमानीत, दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोके असतात. दाबाने धमनीची भिंत ताणली की ती मेंदूच्या देठाला संदेश पाठवतात. दाब घसरला की संदेश विरळ होतात, आणि त्यावरूनच मेंदूला घसरण कळते.

मग मेंदू हृदयावरचा लगाम सैल करतो. एकदोन ठोक्यांतच नाडी वाढते. रक्तवाहिन्या आवळायला मात्र काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात क्षणभर अंधारी येते आणि निरोगी माणसात अर्ध्या मिनिटात ओसरते.

ती ओसरत नसेल तर तपासावे. रुग्णाला पाच मिनिटे निजवून रक्तदाब व नाडी घ्यावी. मग उभे करून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्यावी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर तो दोष समजावा.

दोन उदाहरणे घेऊ. जुलाब झालेल्या एका बाईचा दाब निजून ११८/७६ आणि नाडी ८४. उभे राहिल्यावर दाब ९२/६४ आणि नाडी १२२. इथे यंत्रणा नीट धावते आहे, पण शरीरात पाणीच कमी आहे. तिला जलसंजीवनी हवी. मात्र शौच डांबरासारखे काळे होत असेल, तर आतून रक्तस्राव असू शकतो. तिला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

दुसरे, बरीच वर्षे मधुमेह असलेले आजोबा. दाब १५० वरून ११८ वर येतो, नाडी मात्र ७६ ची जेमतेम ८० होते. इथे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूंतच बिघाड असण्याची शंका घ्यावी. काही औषधांनीही नाडी वाढत नाही, म्हणून गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत. रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

भोवळ आलेल्याला धरून उभे ठेवू नका. आडवे निजवा व पाय उंच करा, म्हणजे रक्त हृदयाकडे परतेल. आणि अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर बसून मगच उभे राहावे.