‘जामीन झाल्यावर द्या’

समजा, एका घाऊक दुकानातल्या हिशेबनिसाला अपहाराच्या गुन्ह्यात अटक झाली आहे. कोर्टाच्या आवारात त्याच्या भावाला एक वकील गाठतात आणि म्हणतात, “जामीन झाला तरच साठ हजार. नाही झाला तर एक रुपया देऊ नका.”

ऐकायला सचोटीचं वाटतं. पण निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत मनाई आहे. जामिनाची हमी तर कुणीच देऊ शकत नाही. “साहेब आपलेच आहेत” हे वाक्य कानी पडलं, तर तिथून उठावं.

त्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: साठ दिवस कधी भरतात? नोकराने केलेल्या अपहाराला कमाल सात वर्षांची शिक्षा आहे. अशा गुन्ह्यात पहिल्या रिमांडपासून साठ दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. मात्र आरोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज करावा लागतो. ही तारीख ज्यांच्या डायरीत आहे, ते प्रकरण वाचतात असं मी धरतो.

फी सांगितली की ती कुठपर्यंतची, तेही विचारावं. फक्त जामीन अर्जापुरती की साक्षीपुराव्यापर्यंत? अर्ज फेटाळला आणि वरच्या कोर्टात जावं लागलं तर? तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर? सगळं कागदावर घ्यावं. उरलेल्या फीसाठी वकील कागदपत्रं अडवून ठेवू शकतात, हा समजही चुकीचा. तसा हक्क त्यांना नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच स्पष्ट केलं आहे. कोठडीतल्या आरोपीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो, हेही आवारात सहसा कुणी सांगत नाही.

आता सगळ्यात मोठा गैरसमज: ‘वकिलाला खरं सांगितलं तर तो पोलिसांना सांगेल.’ हिशेबनीस म्हणाला, “पैसे मीच घेतले, माझा बचाव करा,” तर भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 132 वकिलाचं तोंड बंद ठेवतं. वकीलपत्र संपल्यावरही, आणि त्यांच्या कारकुनाचंही. पण तो म्हणाला, “खातेवहीत मागची तारीख टाकून नोंद करतो, ती कोर्टात दाखवा,” तर तिथे संरक्षण नाही. झालेल्या गुन्ह्याची कबुली गोपनीय असते, नव्या गुन्ह्याचा बेत नाही.

आणि एक मेख. जामिनावर सुटल्यावर वकिलाच्या ऑफिसात हे बोलणं चालू असताना भाऊ आणि मेहुणा खुर्च्या ओढून शेजारी बसलेले असतात. कलम 132 वकिलाला बांधतं, मेहुण्याला नाही. उद्या त्याला साक्षीदार म्हणून बोलावता येतं. म्हणून चांगले वकील आधी चहा मागवतात आणि नातेवाइकांना तो बाहेर प्यायला पाठवतात.