सकाळी दहाचा डॅशबोर्ड

समजा, एका दुकानसाखळीचा टॅब्लोमधला डॅशबोर्ड. त्यावर 12 आलेख आहेत आणि 40 व्यवस्थापक तो सकाळी दहाला उघडतात. जोडणी Live असेल तर प्रत्येक आलेख मूळ डेटाबेसला प्रश्न विचारतो. कॅशमुळे काही प्रश्न वाचतात. तरीही प्रत्येकाची दुकानाची निवड वेगळी असल्यास 480 पर्यंत प्रश्न एकाच वेळी धडकू शकतात. त्याच डेटाबेसवर काउंटरची बिलं बनत असतात. आलेख रेंगाळतात हे चालेल, पण गिऱ्हाईक रांगेत ताटकळणं परवडत नाही.

इथे Extract कामी येतो. डेटाची प्रत `.hyper` फाइलमध्ये स्तंभवार साठवली जाते, त्यामुळे कोट्यवधी ओळींची बेरीजही झटपट होते. पहाटे पाचला प्रत ताजी केली की दिवसभर डेटाबेस मोकळा. कालची विक्री पाहायला एवढा ताजेपणा पुरतो.

गोम पुढे आहे. मोठा तक्ता रोज पूर्ण ओढायला वेळ लागतो, म्हणून बिलाच्या तारखेवरून फक्त नव्या ओळी जोडल्या जातात. मग जुन्या बिलावर माल परत आला आणि तीच ओळ बदलली, तर प्रतीत जुनीच रक्कम राहते. महिन्याची बेरीज डेटाबेसशी ताडून पाहिली की फरक दिसतो. उपाय म्हणजे रविवारी रात्री पूर्ण प्रत नव्याने काढणं.

शिल्लक मालाचा तक्ता मात्र Live ठेवावा. तो लहान असतो, आणि पहाटेचा आकडा दुपारी ऑर्डर देताना निरुपयोगी ठरतो.