साडेसहा बँडचा हिशेब

ब्रिटनमध्ये नोकरी करू इच्छिणाऱ्या भारतीय परिचारिकेला तिथल्या नर्सिंग परिषदेकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी आयईएलटीएस दिली, तर ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत किमान ७ बँड लागतात, लेखनात ६.५. लेखनाला अर्ध्या बँडची सवलत आहे आणि तरीही अनेकींची गाडी लेखनातच अडते. निकालपत्रावर ६ हा आकडा येतो, तो का आला हे मात्र त्यावर लिहिलेले नसते. मग पुन्हा शुल्क भरायचे, पुन्हा परीक्षा द्यायची आणि पुन्हा तोच आकडा पाहायचा.

‘का’चे उत्तर घरी बसून बऱ्याच अंशी शोधता येते. परीक्षक ज्या निकषांवर गुण देतात, त्यांची सार्वजनिक आवृत्ती परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर मोफत आहे. त्यांना ‘बँड डिस्क्रिप्टर्स’ म्हणतात. टास्क २ म्हणजे ४० मिनिटांत लिहायचा किमान २५० शब्दांचा निबंध. लेखनाच्या गुणांत त्याचे वजन टास्क १ च्या दुप्पट असते, म्हणून इथे त्याच्यापुरतेच बोलू.

या तक्त्यात चार रकाने आहेत. टास्क रिस्पॉन्स म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले का आणि मुद्दे फुलवले का. कोहीरन्स अँड कोहीजन म्हणजे मांडणीचा ओघ आणि वाक्यांची सांधेजोड. लेक्सिकल रिसोर्स म्हणजे शब्दसंपत्ती. चौथा रकाना व्याकरणाचा, त्यात वाक्यरचनेतले वैविध्य आणि अचूकपणा दोन्ही पाहतात. प्रत्येक रकान्याला पूर्ण बँड मिळतो, ६ किंवा ७, मधले काही नाही. चारही रकान्यांचे वजन सारखे, त्यामुळे निबंधाचा बँड म्हणजे त्यांची सरासरी. सरासरी ६.५ यायची तर बेरीज २६ हवी, म्हणजे दोन रकाने ७ आणि दोन ६. ज्या उमेदवाराचे चारही रकाने ६ वर आहेत, तिला सगळेच सुधारायचे नसते. कोणते दोन वर न्यायचे, एवढेच ठरवायचे असते.

तक्ता वाचण्याची एक पद्धत आहे. एखाद्या बँडचे गुण मिळायचे तर त्या बँडच्या वर्णनातल्या सगळ्या चांगल्या गोष्टी निबंधात पूर्णपणे दिसायला हव्यात, असे तक्त्यातच नमूद केले आहे. काही वाक्ये ठळक अक्षरांत छापलेली आहेत. ते दोष आहेत आणि ते आढळले की गुण त्या बँडवर थांबतात. म्हणून ‘मला ७ च्या वर्णनातली निम्मी वाक्ये लागू पडतात, तर ६.५ धरू’ असा सौदा करायचा नाही. सातचे वर्णन पूर्ण बसत नसेल, तर तो रकाना ६ चा.

स्वतःच्या निबंधाला हात लावण्याआधी एक काम करावे लागते आणि नेमके तेच टाळले जाते. आपली नजर आधी परीक्षकाच्या नजरेशी जुळवून घ्यायची. केंब्रिजच्या आयईएलटीएस सराव-पुस्तकांत शेवटी नमुना उत्तरे असतात. त्यांतली काही खऱ्या उमेदवारांनी लिहिलेली असून त्यांच्यासोबत मिळालेला बँड आणि परीक्षकाची टिप्पणी असते. बँड आणि टिप्पणी कागदाने झाका, उत्तर वाचा, चारही रकान्यांना गुण द्या, प्रत्येक आकड्यापुढे निबंधातलेच एखादे वाक्य पुरावा म्हणून लिहा आणि मग कागद काढा. पाच, सहा आणि सात बँडची दोन-दोन उत्तरे अशी तपासली की आपला कल कळतो. कुणी अवघड शब्द दिसले की भुलून जास्त गुण देतो, तर कुणी स्पेलिंगच्या दोन चुकांनी चिडून कमी देतो. टिप्पणीशी ताडून पाहिल्यावर हा कल हळूहळू कमी होतो.

जुन्या पुस्तकांत परीक्षकांनी स्वतः लिहिलेली आदर्श उत्तरेही आहेत. ती वाचायला उत्तम, पण त्यांवर बँड नसतो. सहा आणि सातमधली सीमा तिथे दिसणारच नाही, त्यामुळे मोजमापाला ती उपयोगी नाहीत.

प्रश्नांच्या बाबतीतही सावध राहायला हवे. परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून सांगितलेले प्रश्न क्लासमध्ये फिरत असतात. विषय कळण्यापुरते ते ठीक, पण टास्क रिस्पॉन्सचे गुण प्रश्नातल्या नेमक्या शब्दांवर ठरतात आणि आठवणीतून पहिल्यांदा निसटतात ते नेमके हेच शब्द. ‘दोन्ही मतांची चर्चा करा’ आणि ‘तुम्ही किती प्रमाणात सहमत आहात’ या दोन प्रश्नांना एकच उत्तर चालत नाही. म्हणून सरावाला छापील प्रश्नच घ्यावेत. एका पुस्तकात चार प्रश्नसंच असतात, म्हणजे टास्क २ चे चार प्रश्न. एवढे सुरुवातीला पुरतात.

आता एक निबंध तपासून पाहू. हे उदाहरण मी रचलेले आहे, पण यातला प्रत्येक दोष सहा बँडवर अडकलेल्या निबंधांत वारंवार भेटतो. समजा, मिरजेच्या रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेने घड्याळ लावून, स्पेलचेक बंद ठेवून तो लिहिला आहे. प्रश्न असा: सरकारने आरोग्याचा पैसा मुख्यतः आजार होऊ नयेत यासाठी खर्च करावा, उपचारांवर नव्हे, तुम्ही किती प्रमाणात सहमत आहात? निबंध चार परिच्छेदांचा आणि सोळा वाक्यांचा आहे.

पहिला रकाना. निबंधाचा सांगाडा उलटा काढायचा, म्हणजे निबंध वाचून प्रत्येक परिच्छेद काय म्हणतो ते समासात एका ओळीत लिहायचे. इथे पहिला परिच्छेद म्हणतो, ‘मी पूर्ण सहमत आहे’. दुसऱ्यात लसीकरण, जनजागृती आणि व्यायामशाळा यांना एकेक वाक्य मिळाले आहे. तिसरा सांगतो की कर्करोगाचे उपचार महाग आहेत म्हणून सरकारने तिथेही मदत करावी, आणि मग परिचारिकांच्या अपुऱ्या संख्येकडे वळतो. चौथा म्हणतो, ‘दोन्ही तितकेच महत्त्वाचे’. ‘पूर्ण सहमत’पासून सुरू झालेली भूमिका ‘दोन्ही सारखे’वर संपली आणि प्रश्नातला ‘मुख्यतः’ हा शब्द वाऱ्यावर राहिला. सातसाठी भूमिका स्पष्ट आणि फुलवलेली असावी लागते. भूमिका आहे पण निष्कर्ष धूसर, मुद्दे संबंधित पण काही अपुरे फुललेले, हे वर्णन सहाचे. गुण ६.

दुसऱ्या रकान्यासाठी प्रत्येक वाक्याच्या पहिल्या शब्दाभोवती गोल करा. सोळापैकी नऊ वाक्ये ‘फर्स्टली’, ‘मोरोव्हर’, ‘फर्दरमोर’, ‘इन अ‍ॅडिशन’ अशा जोडशब्दांनी सुरू होतात. ते खोडून वाचले तरी अर्थात फरक पडत नाही, म्हणजे ते सांधत नाहीत, नुसते चिकटवलेले आहेत. सहाच्या वर्णनात यांत्रिक सांधेजोडीचा उल्लेख आहे तो याचसाठी. शिवाय तिसऱ्या परिच्छेदात दोन वेगळे विषय आहेत आणि सातला परिच्छेदांची रचना एकूण मांडणीला पोषक आणि परिच्छेदातला मुद्द्यांचा क्रम तर्कसंगत असावा लागतो. गुण ६.

तिसऱ्या रकान्यात चित्र बरे आहे. ‘प्रिव्हेंटिव्ह मेझर्स’, ‘बर्डन ऑन द हेल्थकेअर सिस्टिम’, ‘लाइफ-थ्रेटनिंग’ हे शब्दप्रयोग नेमके बसले आहेत. ‘मेक अवेअरनेस’ (तिथे ‘रेझ’ हवे होते) आणि ‘इक्विपमेंट्स’ या चुका आहेत, पण तुरळक. ७ देता येतात. पण इथे थांबून विचार करावा. विषय तिच्या रोजच्या कामाचा आहे. हाच रकाना शहरातली वाहतूक किंवा मुलांचे शिक्षण या विषयावर ७ राहील का? शब्दसंपत्तीचा गुण विषयागणिक वरखाली होतो, म्हणून किमान चार वेगवेगळ्या प्रश्नांवरचे निबंध तपासल्याशिवाय या रकान्यावर विसंबू नये.

चौथा रकाना मोजायला सोपा वाटतो. बिनचूक वाक्यांपुढे टिचकी मारायची. इथे सोळापैकी सात टिचक्या पडल्या. सातच्या वर्णनात बिनचूक वाक्ये ‘वारंवार’ असावीत असे आहे, पण किती म्हणजे वारंवार, हा आकडा तक्त्यात नाही. तो नमुना उत्तरांतूनच उमजतो. सहा आणि सात बँडच्या उत्तरांतही याच पद्धतीने टिचक्या मोजा आणि आपली संख्या कुणाजवळ जाते ते पाहा. या निबंधातली जोडवाक्ये साध्या वाक्यांपेक्षा जास्त चुकली आहेत, हेही ध्यानात घेऊन गुण ६.

बेरीज २५, सरासरी ६.२५, म्हणजे एक गुण कमी. व्याकरणात तो मिळवायला महिने जातील. टास्क रिस्पॉन्समध्ये त्याच निबंधाच्या दुसऱ्या लेखनात तो मिळू शकतो. भूमिका अशी बदलायची: ‘बहुतांशी सहमत, फक्त रोखता न येणाऱ्या आजारांचा अपवाद.’ व्यायामशाळा आणि जनजागृती काढून लसीकरण हा एकच मुद्दा घ्यायचा आणि तो चार वाक्यांत पुढे न्यायचा: लस काय रोखते, त्यामुळे रुग्णालयातल्या किती खाटा मोकळ्या राहतात, वाचलेला पैसा कुठे जातो. तिसऱ्या परिच्छेदात कर्करोगाचा अपवाद मांडायचा, पण अपवाद म्हणूनच. परिचारिकांच्या संख्येचा मुद्दा कितीही खरा असला तरी या प्रश्नात त्याला जागा नाही. शेवटी तीच भूमिका वेगळ्या शब्दांत सांगायची. मग पुन्हा फक्त पहिला रकाना तपासायचा. तिसऱ्या परिच्छेदाचा विषय एक झाल्यामुळे दुसरा रकानाही अनेकदा आपोआप सुधारतो.

स्वतःला गुण देताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली टास्क रिस्पॉन्समध्ये. मनात काय म्हणायचे होते ते आपल्याला माहीत असते, त्यामुळे कागदावर नसलेले दुवेही आपण वाचतो. त्यावर उपाय म्हणजे निबंध आठवडाभर बाजूला ठेवून मग तपासणे आणि समासातला सांगाडा फक्त लिहिलेल्या शब्दांवरून काढणे. दुसरी फसगत व्याकरणात होते आणि तिला असा उपाय नाही. जी चूक चूक आहे हेच आपल्याला ठाऊक नाही, ती आपल्याला दिसणारच नाही. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे गळलेला ‘द’ आपल्या डोळ्यांना खटकत नाही. ‘डिस्कस अबाउट’ रोज कानावर पडत असल्याने बरोबरच वाटते. म्हणून स्वतः मोजलेल्या टिचक्या ही वरची मर्यादा समजावी, खरी संख्या तिच्याखालीच असणार.

तेव्हा परीक्षेची तारीख घेण्याआधी एवढे करा. पहिल्या दोन रकान्यांत स्वतःच्या तपासणीवर भरवसा ठेवा, कारण तिथला पुरावा कागदावर तुम्हाला दिसतो. व्याकरणाचा रकाना मात्र चांगले इंग्रजी जाणणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी एकदा तपासायला द्या. बँड विचारू नका, फक्त चुकांखाली रेघा मारून मागा. त्या रेघा मोजून आकडा तुम्हीच ठरवा.